शेताचा फोटो कुठला? गंजी, कोठार आणि यंत्रांवरून प्रदेश ओळखण्याची रीत

व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो: उघडं रान, कडेला वैरणीचा ढीग, मागे एक शेड, एखादा ट्रॅक्टर. खाली लिहिलेलं असतं ‘विदर्भातल्या शेतकऱ्याची व्यथा’, आणि फोटो प्रत्यक्षात भलत्याच राज्यातला निघतो. पाटी नाही, दुकान नाही, माणसांचे चेहरे स्पष्ट नाहीत, अशा फोटोतही वैरण कशी रचलीय आणि धान्य कशात ठेवलंय यावरून प्रदेश बराच आवळता येतो. हा लेख भारतातल्या फोटोंपुरता आहे. नव्याने हे काम शिकणाऱ्याने खालच्या क्रमानेच जावं. क्रम बदलला की बहुतेक चुका तिथेच होतात, कारण नजर आधी ट्रॅक्टरवर जाते आणि तीच खूण सर्वांत कच्ची असते.

## लागणारं साहित्य

- फोटोची शक्य तितकी मूळ आणि मोठी प्रत. स्क्रीनशॉट टाळा, दाबलेल्या फोटोत पेंढीचा बांधा दिसत नाही.
- संगणकावरचं गूगल अर्थ प्रो. त्यातली मोजपट्टी आणि जुन्या उपग्रहचित्रांची सोय दोन्ही लागतात.
- स्ट्रीट व्ह्यू. 2022 पासून भारतात बरेच ग्रामीण रस्तेही दिसू लागलेत.
- पीकवार पेरणी-काढणीचं साधं कोष्टक. कृषी विद्यापीठांच्या दैनंदिनीत असतं तेवढं पुरे.
- फोटोतली लपलेली माहिती वाचणारं `exiftool` हे साधन. त्यासाठी ही आज्ञा:

```
exiftool -a -G1 -s photo.jpg
```

उत्तरात `GPSLatitude` आणि `GPSLongitude` दिसले तर काम सोपं झालं. मात्र व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रातून ही माहिती गळून गेलेली असते. पाठवणाऱ्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

## 1. फोटो उलटा नाही ना, ते आधी बघा

ट्रॅक्टरच्या बॉनेटवरची अक्षरं, खताच्या गोणीवरचा छापा किंवा पाण्याच्या टाकीवरचं नाव मोठं करून बघा. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतील तर फोटो पलटवून घ्या. वैरणीचा ढीग पलटला तरी फरक पडत नाही, पण शेवटच्या पायरीत डोंगराची रेघ जुळवायची असते, तिथे उलटा फोटो घेऊन बसलात तर अख्खा दिवस वाया जाईल.

## 2. ढिगाचा आकार नंतर, आधी त्यात काय आहे ते

नवखा माणूस ‘गोल ढीग कुठे असतात?’ असं शोधायला लागतो आणि अडकतो, कारण गोल ढीग अर्ध्या देशात असतात. आधी वैरण ओळखा. ढिगाचा आकार वैरणीच्या जातीवरून आणि पावसावरून ठरतो. वैरण तीन प्रकारची धरून चला.

भुसा. मळणीत बारीक झालेलं गव्हाचं काड. ते स्वतःच्या अंगावर उभं राहत नाही, वाऱ्याने उडतं आणि भिजलं की कुजतं. म्हणून त्याला भोवती भिंत आणि वर टोपी लागते. फोटोत घंटेच्या आकाराची, गवताने शाकारलेली, बाहेरून दोरांचे वेढे दिलेली बुटकी ‘झोपडी’ दिसली आणि तिला दार नसून तळाशी फक्त हात घालण्याएवढं भोक असलं, तर ते घर नव्हे. ती भुशाची साठवण आहे. पंजाबात तिला कुप म्हणतात. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेश या पट्ट्याची ही चांगली खूण. भोकाच्या खाली सांडलेला पिवळा भुसा दिसला की शंका उरत नाही.

भाताचा पेंढा. लांब, मऊ, लवचीक. बाहेरच्या थरातल्या काड्या खाली उतरत्या ठेवल्या की पाणी त्यांच्यावरून घसरून जातं, म्हणजे पेंढाच स्वतःचं छप्पर होतो. त्यामुळे जोराच्या पावसाच्या मुलखात भाताचे ढीग घुमटासारखे किंवा शंकूसारखे असतात, आणि बरेचदा मधे एक खांब रोवलेला असतो. केरळात घराशेजारी खांबाभोवती रचलेला उंच, निमुळता ढीग दिसतो. बंगाल-आसामकडेही मधल्या बांबूभोवतीचा गोल ढीग सर्रास असतो. कोकणातली उडवी याच कुळातली. याउलट कावेरीच्या खोऱ्यात आणि आंध्र-तेलंगणात पेंढा मुबलक असल्यामुळे लांबोळके, मोठे, पाठीवर गोलाई दिलेले ढीगही भरपूर दिसतात. थोडक्यात, भाताच्या पेंढ्यावरून ‘पाणथळ मुलूख’ एवढंच ठरतं. राज्य ठरवायला पुढच्या पायऱ्या लागतात.

कडबा. ज्वारीची ताठ, जाड ताटं. पेंढ्या बांधल्या की त्या एकावर एक नीट बसतात, म्हणून कडब्याची गंज चौकोनी, भिंती सरळ असलेली आणि वर घरासारखी उतरती पाखं दिलेली होते. इथे फोटो मोठा करून गंजीची भिंत बघा. पेंढ्यांचे बुडखे बाहेर आणि शेंडे आत असतात, कारण जनावर खातं तो पाला शेंड्याकडे असतो आणि तो आत कोरडा राहतो. रब्बी ज्वारी बरेच ठिकाणी उपटून काढतात, तेव्हा बुडख्यांना मुळ्या आणि वाळलेली काळी माती चिकटलेली दिसते. अशी गंज असली की सोलापूर, मंगळवेढा, धाराशिव, बीड, अहिल्यानगरचा कोरडा भाग आणि सीमेपलीकडे विजयपूर, कलबुर्गी हा पट्टा डोळ्यांपुढे आणा. गंज राज्याची सीमा मानत नाही. नुसत्या कडब्यावरून ‘महाराष्ट्र’ असं छातीठोकपणे लिहू नका.

काढणीनंतर पेंढ्या रानातच शेंडे वर करून एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या असतील तर ती बुचाडं. गंज रचण्याआधी कडबा असा वाळतो. म्हणजे फोटो साधारण फेब्रुवारी-मार्चमधला.

### इथे होणाऱ्या दोन चुका

पहिली चूक गोवऱ्यांच्या ढिगाची. हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात गोवऱ्या रचून त्यांवर शेणाचा लेप देतात, लेपावर बोटांनी किंवा काडीने नक्षी काढतात. याला बिटोडा म्हणतात. लांबून तो धान्याचं कोठार वाटतो. फरक असा की बिटोड्याचा रंग करडा-तपकिरी असतो, दोरांचे वेढे नसतात आणि जिथे कोपरा फोडलेला असेल तिथे गोल गोवऱ्यांच्या कडा थरांनी दिसतात. कुपाच्या शेजारी बिटोडा दिसला तर खूण आणखी पक्की होते.

दुसरी चूक शोभेच्या वस्तूंची. महामार्गावरचे ‘पंजाबी’ ढाबे, कृषी पर्यटन केंद्रं, लग्नाची लॉन्स असे कुप आणि झोपड्या सजावट म्हणून उभारतात. ढिगाभोवती जनावरांच्या पायांचे ठसे, गव्हाण, शेण, सांडलेली वैरण यांतलं काहीच नसेल तर तो ढीग वापरातला नाही असं समजा आणि ती खूण सोडून द्या.

### गठ्ठे असतील तर

यंत्राने बांधलेल्या गठ्ठ्यांनी जुनी रीत झपाट्याने मोडत चाललीय. भाताच्या रानात ट्रॅक्टरमागच्या यंत्राने सोडलेले, एका माणसाला उचलता येतील असे लहान गोल गठ्ठे बहुतेक वेळा तामिळनाडू, केरळ, तेलंगणाकडे दिसतात. आयताकृती गठ्ठ्यांचे घराएवढे मोठे डोंगर दिसले तर पंजाब-हरियाणातली पराली गोळा करणारी केंद्रं आठवा. ही खूण दरवर्षी पातळ होणारी आहे, तिला दुय्यमच ठेवा.

## 3. कोठार बघा, कारण ते हलत नाही

वैरणीचा ढीग वर्षभरात संपतो. कोठार तिथेच राहतं आणि उपग्रहचित्रातही दिसतं. म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

आपल्याकडची जुनी साठवण फोटोत सहसा दिसतच नाही. कणगी ओसरीवर किंवा माजघरात असते, बळद घराच्या आत, पेव तर जमिनीखाली. तामिळनाडूतली मातीची कुदिर आणि केरळातला लाकडी पत्तायम हीसुद्धा घरातलीच. त्यामुळे शेताच्या फोटोत स्वतंत्र उभं कोठार दिसलं की ते पूर्वेचं, ईशान्येचं किंवा हिमालयाचं असण्याची शक्यता लगेच वाढते. बंगालात बांबूच्या चटयांची, जोत्यावर उभी, शंकूसारखी टोपी घातलेली गोल ‘गोला’ अंगणात असते. आसामात खांबांवर उचललेलं भराल घरापासून सुटं असतं. अरुणाचलातल्या आपातानी गावांत लाकडी कोठारं वस्तीच्या कडेला एकत्र दिसतात. घरं लाकूड-बांबूची आणि दाटीची, आग लागली तर निदान धान्य वाचावं हा हेतू. उत्तराखंडच्या जौनसार भागात आणि हिमाचलात देवदाराची सुटी कोठारं आहेत, पण तिथे मागचा डोंगर बघितल्यावर कोठाराची फारशी गरजच उरत नाही.

सरकारी साठवण ओळखणं सोपं आहे. सिमेंटच्या जोत्यांवर गोण्यांच्या लांबच लांब थप्प्या आणि त्यांवर काळी ताडपत्री दिसली तर पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश असा गहू-खरेदीचा मुलूख आधी तपासा. पोलादी गोल सायलोंच्या रांगा आणि शेजारी रेल्वेची फाट्याची लाईन असेल तर पंजाबातलं मोगा आणि हरियाणातलं कैथल ही दोन नावं यादीत वर ठेवा.

आता आपल्या कामाची खूण: कांदा चाळ. धान्याचं कोठार नसलं तरी शेतातल्या साठवणीत हिच्याइतकी बोलकी वस्तू महाराष्ट्रात दुसरी नाही. लांब, अरुंद, बाजूंना बांबूच्या कामट्या, लाकडी पट्ट्या किंवा जाळी, तळ जमिनीपासून फूट-दोन फूट उचललेला, वर पत्रे किंवा कौलं. हवा खालून आणि बाजूंनी खेळली नाही तर कांदा सडतो, म्हणून ढीग जास्त रुंद आणि उंच करता येत नाही. एका पाखीची, म्हणजे कांदा भरायच्या एका रांगेची, रुंदी साधारण 4 फूट आणि कांद्याची उंची 5 फुटांच्या आसपास ठेवतात. दोन पाखी चाळीत दोन्ही रांगांच्या मधे सुमारे 5 फुटांची मोकळी वाट असते. 25 टनांची दोन पाखी चाळ साधारण 40 फूट लांब होते. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधावी अशी शिफारस आहे. सगळेच ती पाळतात असं नाही, पण नकाशावर शोधताना सुरुवात तिथून करता येते.

गोठा, कोंबड्यांची शेड आणि चाळ यांत गल्लत होते. कोंबड्यांची शेड बरीच रुंद असते, तिच्या बाजूंना बुटकी भिंत आणि वर जाळी असते. गोठ्याला खाली जागा सोडलेली नसते. पत्र्याखाली हिरव्या जाळीचे मजल्यावर मजले असलेली शेड मात्र बेदाण्याची. ती दिसली तर तासगाव, कवठे महांकाळ, पंढरपूर, विजयपूर हा पट्टा.

## 4. यंत्रं सगळ्यात शेवटी

यंत्रं फिरतात. महिंद्राचा लाल ट्रॅक्टर देशभर आहे, त्यावरून काहीही ठरत नाही. पंजाबातले हार्वेस्टर तर गहू जसा पिकत जाईल तसे मध्य भारतातून उत्तरेकडे सरकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या किंवा मध्य प्रदेशातल्या रानात `PB` नंबरचा आणि गुरुमुखी अक्षरांचा हार्वेस्टर दिसणं यात नवल काही नाही. अशा फोटोला ‘पंजाब’ म्हणून मोकळं होणं ही या कामातली सर्वांत मोठी आणि नेहमीची चूक. हार्वेस्टरचा नंबर मालकाचा पत्ता सांगतो, शेताचा नाही.

यंत्रांच्या तीन गोष्टी मात्र उपयोगी पडतात. पहिली, हार्वेस्टरला चाकं आहेत की पट्टे. चिखलातल्या भातात चाकं रुततात, म्हणून दक्षिणेत आणि किनारपट्टीच्या ओल्या रानात पट्ट्यावरचे हार्वेस्टर जास्त. दुसरी, यंत्र कोणत्या पिकासाठी आहे. अरुंद, लहान ट्रॅक्टर आणि मागे गोल पंख्याचा औषध फवारणारा ब्लोअर म्हणजे द्राक्ष किंवा डाळिंब, आणि मग नाशिक, सांगली, सोलापूर. ट्रॅक्टरमागे भुसा करणारा रीपर आणि जाळीने झाकलेली उंच ट्रॉली म्हणजे गव्हाचा सलग मुलूख. एका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या उसाने भरलेल्या असतील तर साखर कारखान्यांचा पट्टा, आणि शेजारी टायरच्या बैलगाड्या असतील तर पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा आधी बघा. तिसरी, पॉवर टिलर. लहान खाचरांत आणि बांधांच्या गर्दीत ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून कोकण, केरळ, बंगाल, आसाम इथे तो जास्त दिसतो.

ट्रॅक्टरपेक्षा ट्रॉलीचा नंबर आणि ट्रॉलीवर रंगवलेलं गावाचं नाव जास्त भरवशाचं. ट्रॉली सहसा दूर जात नाही.

## 5. सगळं जमवून एक फोटो सोडवू

समजा असा फोटो आहे: डावीकडे लांब चाळ, फटींतून कांदा दिसतोय, म्हणजे भरलेली. शेजारी एक लहान ट्रॅक्टर, मागे ब्लोअर. जमीन कोरडी, झाडांची सावली आखूड. क्षितिजावर सपाट माथ्याच्या डोंगरांची रांग आणि त्यात एका उभ्या भिंतीसारख्या कड्याला मधोमध खाच. खाली लिहिलंय ‘विदर्भ’.

चाळीने सुरुवात करा. कामट्या, उचललेला तळ, दोन रांगा, म्हणजे दोन पाखी कांदा चाळ. नाशिक जिल्हा पहिला, मग अहिल्यानगर, धुळे, पुणे. मध्य प्रदेशात माळव्यातही चाळी उभ्या राहिल्यात, म्हणून त्यालाही यादीत ठेवा.

मग वेळ. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि पुढे पावसाळाभर थोडा थोडा बाहेर पडतो. भरलेली चाळ आणि कोरडी जमीन एकत्र दिसतात ती मुख्यतः एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. मथळ्यात अतिवृष्टीचा उल्लेख असेल तर फोटो त्या घटनेचा नाही, हे इथेच कळतं, ठिकाण सापडायच्या आधी.

ब्लोअरमुळे द्राक्ष किंवा डाळिंब आलं. कांदा आणि द्राक्ष एकाच शिवारात म्हटल्यावर निफाड, दिंडोरी, चांदवड वर सरकतात आणि माळवा मागे पडतो.

आता डोंगर. चांदवडच्या बाजूला धोडप किल्ला आहे. त्याच्या माथ्याला लागून उभी कातळभिंत आहे आणि त्या भिंतीत मोठी खाच आहे. भिंत पातळ असल्यामुळे समोरून बघितलं तरच खाच मोकळी दिसते, लांबीच्या रेषेत उभं राहिलं तर ती झाकली जाते. गूगल अर्थ प्रोमध्ये किल्ल्यावर खूण रोवा, नजर जमिनीच्या पातळीवर आणा आणि भोवतालच्या वेगवेगळ्या गावांवरून खाच कशी दिसते ते फोटोशी ताडून बघा. कड्याच्या डाव्या-उजव्या बाजूची छोटी टेकाडं कोणत्या अंतरावर येतात तेही जुळायला हवं. दोन-तीन ठिकाणं करून बघितली की दिशा हाती लागते आणि नकाशावर एक निमुळता पट्टा उरतो. (गूगल अर्थमध्ये बारीक सुळके आणि खाचा बोथट दिसतात, त्यामुळे आकार हुबेहूब जुळेल ही अपेक्षा ठेवू नका.)

त्या पट्ट्यात चाळ शोधा. दोन पाखी चाळीची आतली रुंदी 13 फूट, वर पावसाच्या झडीसाठी बाहेर काढलेलं छप्पर धरलं की मोजपट्टीवर 16 ते 20 फूट रुंदीचा, लांब, उजळ आयत दिसायला हवा. जवळ द्राक्षबागेच्या ताणलेल्या रेघा असतील. शेततळ्याचा निळा-काळा चौकोन असेल तर तोही मदतीला येतो. असे आयत एका गावात अनेक सापडतात. मग फोटोतल्या गोष्टींचा आपसातला हिशेब लावा: चाळीच्या कोणत्या टोकाला विहीर, कोणत्या बाजूला घर, बांधावरची झाडं किती. चाळ नवी असेल तर जुन्या उपग्रहचित्रांत ती कोणत्या वर्षी उगवली ते बघा. त्याच्या आधीचा फोटो असूच शकत नाही.

## 6. निष्कर्ष लिहिताना

चाळ, घर, विहीर आणि डोंगर चारही जुळले तरच ठिकाण नक्की म्हणा. फक्त चाळ आणि डोंगर जुळले तर ‘चांदवड तालुका, धोडपच्या अमुक बाजूला’ एवढ्यावर थांबा. नुसती चाळ असेल तर ‘बहुधा नाशिक परिसर, विदर्भाचा दावा सिद्ध होत नाही’ इतकंच लिहा. ‘विदर्भ नाही’ असं ठामपणे लिहायला डोंगर किंवा नकाशाचा पुरावा लागतो, कारण चाळी बुलढाण्यातही आहेत.

प्रत्येक खुणेपुढे ती हलणारी आहे की न हलणारी ते लिहून ठेवा. नुसत्या हलणाऱ्या खुणांच्या आधारे काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध करू नका. आणि शेतकऱ्याचं घर नेमकं सापडलं तरी गट क्रमांक किंवा अक्षांश-रेखांश सार्वजनिक न करता तालुक्यापर्यंतच सांगा. दावा खोटा आहे हे दाखवायला तेवढं पुरतं.